फ्रिज बिघडला तेव्हा कस्टमर केअरचा खरा नंबर कसा शोधला

८ नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी मिरजेहून बाबांचा स्क्रीनशॉट आला. खाली लिहिलं होतं, "फ्रिज खालच्या बाजूला गार होत नाहीये. हा कस्टमर केअरचा नंबर लावू का?" मी पुण्यात, आई-बाबा तिकडे, आणि फ्रिजमध्ये आईचं इन्सुलिन. बाबांनी फोन लावायच्या आधी विचारलं, कारण शेजारच्या काकूंच्या बाबतीत ऑगस्टमध्ये जे झालं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

मी आधी आईला इन्सुलिन काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवून यायला सांगितलं. नंबर तपासायला अर्धा तास लागतो आणि घाई असली की तो अर्धा तास कोणी काढत नाही, पहिला दिसेल तो नंबर लावून मोकळे होतात. इन्सुलिन मार्गी लागल्यावर घाईच उरली नाही. भाजी एक रात्र बाहेर राहिली असती तर काही बिघडणार नव्हतं.

स्क्रीनशॉटमध्ये सगळ्यात वर कंपनीचं नाव, पुढे "मिरज सर्व्हिस सेंटर", दहा आकडी मोबाइल नंबर आणि कॉलचं बटण होतं. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात "प्रायोजित" असं लिहिलेलं होतं. म्हणजे ती पैसे भरून लावलेली जाहिरात. बाबांना वाटलं होतं की सगळ्यात वर आहे म्हणजे कंपनीचीच असणार. बहुतेकांना तसंच वाटतं.

मी तोच शोध लॅपटॉपवर घेतला आणि जाहिरातीतलं पान उघडलं. मोबाइलवर हे पान दोन बोटांएवढं दिसतं, लॅपटॉपवर तळापर्यंत नीट वाचता येतं. वर कंपनीचा लोगो, कंपनीचाच रंग, हसणारा टेक्निशियन, "२४ तास सेवा". आणि अगदी तळाला, करड्या पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांत इंग्रजीत मजकूर होता: आम्ही स्वतंत्र खासगी दुरुस्ती सेवा आहोत, लोगो आणि नावं ज्याच्या त्याच्या मालकीची आहेत, आम्ही फक्त वॉरंटी संपलेल्या वस्तूंची दुरुस्ती करतो. वर कंपनीचं रूप घ्यायचं आणि खाली कायद्यातून सुटायची सोय करून ठेवायची, असा हा प्रकार. मला याचा संताप आला, कारण सत्तरीच्या माणसाला मोबाइलवर ती ओळ दिसणं शक्यच नाही.

असे नंबर लावणाऱ्यांमध्ये दोन जातीचे लोक असतात हे लक्षात घ्यायला हवं. एक, खासगी दुरुस्तीवाले. त्यांचा माणूस खरोखर घरी येतो, फ्रिज उघडतो, सांगेल ते पैसे घेतो. मग पुढे कंपनीचा माणूस म्हणतो, बाहेरच्या माणसाने हात लावलाय, वॉरंटी लागू नाही. आमच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी अशीच गेली असती. दुसरे, ज्यांच्याकडून कोणी येतच नाही. ते फोनवर "नोंदणीचे पाच रुपये भरा" म्हणत लिंक किंवा ॲप पाठवतात. शोधाच्या पानावर हे दोघेही हुबेहूब सारखे दिसतात, आणि कोण कुठला ते फोन लावल्यावरच कळतं. म्हणून लावायचाच नाही.

यानंतर पत्ता वाचला. कंपनीचं नाव मी इथे देत नाही, त्याच्या जागी example धरा:

```
https://www.example.com/in/support
https://example.service-miraj.com
https://example-customercare.in
```

तिन्हींमध्ये कंपनीचं नाव आहे, पण कंपनीचं पान फक्त पहिलं. वाचायची रीत अशी: `https://` नंतर पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचाच भाग घ्यायचा आणि तो उजवीकडून वाचत यायचं. दुसऱ्या पत्त्याचा मालक `service-miraj.com` आहे. त्याने स्वतःच्या नावाआधी कंपनीचं नाव जोडलंय, आणि ते कोणालाही जोडता येतं. तिसऱ्यात आडवी रेघ घालून सगळंच नवीन नाव तयार केलंय. शेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका. तुम्ही आणि ते पान यांच्यामधली वाट बंदिस्त आहे एवढंच ते सांगतं, पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही.

मग तो मोबाइल नंबरच अवतरण चिन्हांत टाकून शोधला. एकदा सलग आणि एकदा पाच आकड्यांनंतर मोकळी जागा सोडून. तोच नंबर नाशिकमध्ये दुसऱ्या कंपनीच्या गीझरसाठी, हुबळीत तिसऱ्याच कंपनीच्या वॉशिंग मशीनसाठी आणि एका पानावर चक्क पार्सलच्या चौकशीसाठी दिलेला निघाला. आणखी पुराव्याची गरज नव्हती. पण या युक्तीची मर्यादाही सांगते. सिम नवीन असेल तर काहीच सापडत नाही, आणि काही सापडलं नाही म्हणजे नंबर खरा असं होत नाही. `cybercrime.gov.in` वर संशयित नंबर तपासायची सोय आहे, तिथेही मी पाहिलं. नोंद नव्हती. म्हणजे अजून कोणी तक्रार केलेली नव्हती, इतकाच त्याचा अर्थ.

जाहिरातीखाली नकाशा होता आणि त्यावर याच कंपनीचं "अधिकृत सेवा केंद्र", पत्ता मिरज बसस्टँडजवळ. बाबांना पत्ता वाचून दाखवला तर ते म्हणाले, "अगं, तिथं औषधाचं दुकान आहे, वीस वर्षं." नकाशावरची माहिती बाहेरचे लोकही सुचवू आणि बदलू शकतात. २०१८ मध्ये ठगांनी नकाशावरचे बँकांच्या शाखांचे नंबरच बदलून टाकल्याच्या तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. तिथे जागा खरी होती, फक्त नंबर ठगाचा होता. म्हणून पत्ता ओळखीचा असला तरी नकाशावरचा नंबर मी धरत नाही.

आता खरा नंबर. तो इंटरनेटवर शोधण्याऐवजी घरातच शोधायचा असं ठरवलं. वैधमापन (पॅकबंद वस्तू) नियम, २०११ नुसार पॅकबंद वस्तूच्या वेष्टनावर तक्रारीसाठी कोणाशी संपर्क करायचा त्याचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि ईमेल छापावा लागतो. मिक्सर, पंखा, पाण्याचा फिल्टर, सगळ्यांच्या खोक्यावर तो असतो. आमच्या फ्रिजचं खोकं केव्हाच भंगारात गेलेलं. पण बाबांची फाइल शाबूत होती. बिलाला टाचलेलं वॉरंटी कार्ड निघालं आणि त्यावर १८०० ने सुरू होणारा नंबर आणि वेबसाइटचा पत्ता, दोन्ही छापलेले. मी बाबांकडून तीन फोटो मागवले: बिल, वॉरंटी कार्ड, आणि फ्रिजच्या आत भाजीच्या ट्रेजवळच्या स्टिकरवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर. शेवटच्या फोटोसाठी आईला टॉर्च धरून बसावं लागलं.

कार्ड २०२२ चं. तीन वर्षांत नंबर बदललेलाही असू शकतो, म्हणून कार्डावरचा पत्ता मी ब्राउझरमध्ये एकेक अक्षर हाताने टाइप केला. शोधाच्या खिडकीतून गेले नाही, कारण तिथे पुन्हा जाहिराती आडव्या येतात. "संपर्क" पानावर तोच १८०० चा नंबर होता. छापील कागद आणि कंपनीची साइट, दोन्हीकडे एकच नंबर मिळाला तेव्हा खात्री पटली. समजा वेगळे निघाले असते, तर मी साइटवरचा घेतला असता, कारण जुना नंबर कंपनीने सोडून दिलेला असू शकतो.

इथेही एक खोच आहे. २०२५ च्या जूनमध्ये मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने एक प्रकार उघड केला होता. जाहिरातीची लिंक बड्या कंपनीच्या खऱ्या साइटवरच नेते, पत्त्याची सुरुवातही खरी असते, पण लिंकमध्ये असा मजकूर घुसवलेला असतो की साइटच्या शोधाच्या चौकटीत "मदतीसाठी या नंबरवर फोन करा" असं उमटतं. साइट कंपनीची आणि नंबर ठगाचा. म्हणून दुसऱ्या कोणाच्या लिंकवरून पोचलेल्या पानावरचा नंबर घ्यायचा नाही. पत्ता स्वतः टाइप करून मुखपृष्ठावर जायचं आणि तिथून संपर्काच्या पानावर.

नंबर १८०० चा आहे म्हणून तो खरा असंही समजू नका. १८०० म्हणजे कॉल फुकट, १८६० ला पैसे पडतात, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. आणि ॲपवर चालणाऱ्या काही कंपन्या ग्राहकांसाठी फोन नंबर ठेवतच नाहीत, जे काही ते ॲपमधल्या चॅटवर किंवा ईमेलवर. अशा कंपनीचा इंटरनेटवर दिसणारा प्रत्येक "हेल्पलाइन नंबर" खोटाच असणार. अशा वेळी त्यांच्या साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क शोधावा. ई-कॉमर्स कंपन्यांना ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तो द्यावाच लागतो, आणि त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

रविवारी, ९ तारखेला सकाळी बाबांनी फोन लावला. नंबर मी त्यांना वहीत मोठ्या अक्षरांत लिहायला लावला आणि कीपॅडवर दाबून डायल करायला सांगितलं. मेसेजमधल्या नंबरवर टिचकी मारायची सवयच नको. मराठीचा पर्याय होता. वीसेक मिनिटं संगीत ऐकावं लागलं. मग मुलीने मॉडेल, सीरियल नंबर, बिलाची तारीख आणि पिनकोड विचारला. फोटो समोर असल्याने बाबा अडखळले नाहीत. तिने स्पष्ट सांगितलं: कॉम्प्रेसर वॉरंटीत आहे, बाकी काही बिघडलं असेल तर पार्टचे पैसे, शिवाय व्हिजिट चार्ज ६०० रुपये आणि जीएसटी. पैसे काम झाल्यावर. फोनवर एक रुपयाही मागितला नाही, लिंक पाठवली नाही, कार्डाचा उल्लेखही नाही.

फोन ठेवताच तक्रार क्रमांकाचा मेसेज आला. तो कोणाकडून आला ते पाहायचं. कंपन्यांचे असे मेसेज मोबाइल नंबरवरून येत नाहीत, `XX-ABCDEF-S` अशा धाटणीच्या नावावरून येतात. शेवटचं अक्षर मेसेजचा प्रकार सांगतं: S म्हणजे सेवेचा, T व्यवहाराचा, P जाहिरातीचा, G सरकारी. ही अक्षरं २०२५ पासून दिसू लागली. मी तो तक्रार क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला, तिथे नोंद दिसली.

मंगळवारी सकाळी मात्र बाबांचा पुन्हा घाबरून फोन. टेक्निशियनचा कॉल साध्या मोबाइलवरून आला होता. हा भाग मला आधी ठाऊक नव्हता म्हणून मुद्दाम लिहिते: गावोगावी कंपनीचं काम स्थानिक फ्रँचायझी बघते आणि तिची माणसं स्वतःच्या मोबाइलवरूनच फोन करतात. तेव्हा नंबर तपासून उपयोग नाही, माणूस तपासायचा. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही तक्रार क्रमांक सांगू नका, त्यालाच विचारा." त्याने तो बरोबर सांगितला, मॉडेलही सांगितलं, आणि साइटवर तक्रारीपुढे टेक्निशियनचं जे नाव आलं होतं तेच नाव त्याने दिलं. बाबांनी चहा टाकायला सांगितला.

आतला पंखा फिरवणारी मोटर गेली होती. फ्रीझर गार आणि खालचा भाग गरम, याचं कारण तेच. कॉम्प्रेसर ठीक, त्यामुळे वॉरंटीचा उपयोग झाला नाही. मोटर १,१५० रुपये, व्हिजिट ६००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५, एकूण २,०६५ रुपये, छापील पावतीसह. जाताना त्याने मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला आणि बाबा एकदम थांबले. ओटीपी कोणाला द्यायचा नाही हे त्यांच्या मनावर पक्कं बसलंय, आणि ते योग्यच आहे. त्यांनी मला फोन करून मेसेज वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की काम समाधानकारक झालं असेल तरच तक्रार बंद करण्यासाठी हा कोड द्या. पैसे किंवा बँक यांचा उल्लेख नव्हता. फ्रिज गार होऊ लागलाय ना ते पाहून मग कोड दिला. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायचा तो यासाठी: कोड कशाचा आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. आणि दुरुस्तीवाल्याने काम सुरू करण्याआधीच हा कोड मागितला तर द्यायचा नाही.

खोटे नंबर कळवायचं काम मी रविवारी दुपारीच उरकलं होतं. जाहिरातीशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबून "रिपोर्ट ॲड" केलं. नकाशावरच्या नोंदीत "सजेस्ट ॲन एडिट" मधून अशी जागा तिथे नाही असं कळवलं. `cybercrime.gov.in` वर संशयिताची नोंद करायच्या भागात तो नंबर आणि पानाचा पत्ता टाकला, आणि कंपनीला स्क्रीनशॉटसकट ईमेल केलं. कंपनीकडून आभाराचं साचेबंद उत्तर आलं. जाहिरात दोन-तीन दिवसांत दिसेनाशी झाली. नकाशावरची नोंद मी हे लिहिते आहे तोवर तशीच आहे, म्हणून पुन्हा कळवलंय.

त्याच ओघात बाबांनी बँकेचं विचारलं. डेबिट कार्डाच्या मागे नंबर छापलेला असतो, तोच वहीत उतरवून घेतला. कार्ड हरवलं तर मागचा नंबरही त्याच्याबरोबर जातो, म्हणून तो आधीच लिहून ठेवायचा. बँकेची साइट ओळखणं आता पूर्वीपेक्षा सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट `.bank.in` वर न्यायला सांगितलं होतं. हे नाव फक्त बँकांनाच मिळतं. पत्त्यात पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी `.bank.in` असलं पाहिजे. `bank-in.com` किंवा `bank.in.net` असं काही दिसलं तर पान बंद करायचं.

आता काकूंचं. त्यांना पार्सल कुठे अडकलंय ते विचारायचं होतं. शोधात मिळालेल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलला, पत्ता अपुरा आहे म्हणाला, आणि व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. तिच्या नावाच्या शेवटी `.apk` होतं, म्हणजे ते ॲप होतं. ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि काकूंनी ती दिली. मग पाच रुपयांसाठी कार्डाची माहिती भरायला लावली. पाच रुपये हे निमित्त. कार्डाची माहिती मिळाली आणि ओटीपीचे मेसेज थेट त्याच्याकडे जाऊ लागले. रात्रीत पैसे गेले, काकूंनी पाहिलं ते सकाळी.

तुमच्याकडून असा फोन आधीच लागला असेल तर क्रम असा ठेवा. मोबाइलचं इंटरनेट आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा आणि बँकेच्या कार्डामागच्या नंबरवर कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा. १९३० वर खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारतात, ते हाताशी ठेवा. तिथून तक्रार थेट बँकांकडे जाते आणि पैसा पुढच्या ज्या खात्यात पोचलाय तिथे तो गोठवता येतो, पण तो अजून तिथे असेल तरच. काकूंनी सकाळी फोन केला तेव्हा काही रक्कम अडवली गेली, बाकीची तोवर काढून घेतलेली होती. ते ॲप काढून टाकायच्या आधी त्याचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट घ्या. शेवटी बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या, वेळेसकट. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः माहिती दिल्यामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्या पोचेवरची वेळ त्यामुळेच महत्त्वाची.